लूपबॅक पास, तरी राउटर मुका: कन्सोलच्या तीन वायरी तपासायच्या कशा

प्रश्न: निपाणीत आमचं केबल-इंटरनेटचं छोटं काम आहे. फर्मवेअर चढवताना लाइट गेली आणि गिऱ्हाइकाचा राउटर अडकला. बोर्डावर ओळीत चार भोकं आहेत, खुणा काहीच नाहीत. माझ्या यूएसबी-सिरियल केबलला लाल, काळी, पांढरी, हिरवी अशा चार वायरी आहेत. लूपबॅक केला, म्हणजे पांढरी-हिरवी एकमेकींना जोडून टाइप केलं, की अक्षरं परत येतात, म्हणजे केबल चांगली आहे. पण बोर्डाला चारही वायरी लावल्या की स्क्रीन कोरी. पांढरी-हिरवी अदलाबदल केली तरी कोरीच. बेळगावच्या उद्यमबागेतल्या मित्राकडे सीएनसी मशीनची नऊ पिनांची केबल आहे, ती लावून बघू का?

उत्तर:

ती सीएनसीची केबल त्या बोर्डाला अजिबात लावू नका, आणि लाल वायर आत्ताच्या आत्ता काढा. बाकीचं सावकाश बघू.

लाल वायरीचं आधी सांगतो. तुम्ही वर्णन केलेल्या चार रंगांच्या केबलमध्ये लाल म्हणजे यूएसबीचे थेट ५ व्होल्ट. राउटरच्या भोकावर जो सप्लाय असतो तो बहुतेक ३.३ व्होल्टचा. राउटरला त्याचा स्वतःचा अ‍ॅडॅप्टर आहे, त्याला बाहेरून वीज द्यायचं काही कारणच नाही. दिली तर ३.३ च्या लाइनवर ५ व्होल्ट चढतात आणि प्रोसेसर किंवा मेमरी जाऊ शकते. तुमचा राउटर अजून दिवे दाखवत असेल तर तो वाचला असं समजा. लाल वायरीच्या टोकाला टेप गुंडाळून ठेवा. कन्सोलला, म्हणजे राउटरशी अक्षरांतून बोलायच्या या सिरियल जोडणीला, तीनच वायरी लागतात: ग्राउंड, एक जाणारी, एक येणारी.

उद्यमबागेत मशीनला प्रोग्राम पाठवायला जी केबल वापरतात ती आरएस-२३२ ची असते. तिच्यावर काहीही जात नसताना डेटाची लाइन ग्राउंडच्या मानाने उणे असते, साधारण उणे ५ ते उणे १० व्होल्ट, आणि डेटा जाताना तेवढीच अधिक बाजूला उडी मारते. राउटरच्या बोर्डावरचं सिरियल शांत असताना ३.३ व्होल्टवर असतं आणि डेटा जाताना शून्यावर येतं. म्हणजे व्होल्टेजही जास्त आणि दिशाही उलटी. मशीन शॉपमध्ये ती केबल उत्तम काम करते, पण बोर्डाच्या पिनवर तेच व्होल्टेज घातक. केबल हातात आल्यावर ओळखायचं असेल तर तिचं दुसरं टोक चालू कॉम्प्युटरला लावून मल्टिमीटर डीसी २० व्होल्टवर ठेवा, काळा प्रोब पाच नंबर पिनवर, लाल प्रोब तीन नंबरवर, मग दोन नंबरवर. उण्याची खूण दिसली की ती आरएस-२३२, बाजूला ठेवायची.

आता मुख्य मुद्दा. अक्षरं परत आली याचा अर्थ ड्रायव्हर ठीक आहे, चिप जिवंत आहे आणि त्या दोन वायरी तुटलेल्या नाहीत. पण दोन वायरी जोडल्यावर कुठली पाठवणारी आणि कुठली घेणारी हे लूपबॅकला कळतच नाही. उलट लेबल असलेली केबलही ही परीक्षा पास होते. बाजारात या चार रंगांच्या केबली सर्रास मिळतात. बऱ्याच केबलींत हिरवी पाठवणारी आणि पांढरी घेणारी असते, पण याच्या उलट रंग असलेल्याही येतात. आणि सुट्या मॉड्यूलवर टीएक्स, म्हणजे पाठवणारी, असं छापलेलं असलं तरी ते मॉड्यूलचं स्वतःचं टीएक्स, की ‘राउटरचं टीएक्स इथे लावा’, हे बनवणाऱ्याच्या मनावर. म्हणून रंगावर आणि छापलेल्या अक्षरांवर जाऊ नका, मोजा.

केबल लॅपटॉपला लावा, बोर्डाला काही जोडू नका. काळी वायर आणि हिरवी यांच्यात डीसी व्होल्टेज बघा, मग काळी आणि पांढरी. पाठवणारी वायर शांत असताना ३.३ च्या आसपास दाखवते. पण बऱ्याच चिपमध्ये घेणाऱ्या पिनलाही आतून दुबळा पुल-अप, म्हणजे लाइन ३.३ कडे ओढणारा रेझिस्टर, असतो, त्यामुळे तीही तीन-सव्वातीन व्होल्ट दाखवते. मल्टिमीटर जवळजवळ करंटच ओढत नाही. त्यामुळे जोर लावून धरलेले ३.३ आणि नुसते लटकलेले ३.३ त्याला सारखेच दिसतात. इथेच बरेच लोक फसतात.

यावर उपाय म्हणजे १० किलोओहमचा एक रेझिस्टर. एक टोक काळ्या वायरीला, दुसरं टोक तपासायच्या वायरीला, आणि तसंच ठेवून व्होल्टेज मोजा. पाठवणारी वायर जागची हलत नाही, ३.३ च राहते. घेणारी धपकन शून्याजवळ येते, कारण आतला पुल-अप बहुधा शेकडो किलोओहमचा असतो आणि दहा किलोपुढे तो टिकत नाही. उदाहरणार्थ आत २०० किलोओहम असतील तर वाचन साधारण ०.१६ व्होल्ट येतं.

अजून पक्कं करायचं असेल तर टर्मिनलचा वेग मुद्दाम ३०० बॉडवर, म्हणजे सेकंदाला ३०० बिटांवर, लावा, कॅप्स लॉक चालू करा आणि U हे अक्षर दाबून धरा. या अक्षराचे बिट स्टार्ट आणि स्टॉप धरून एकाआड एक शून्य-एक असे येतात, म्हणजे अर्धा वेळ ३.३ आणि अर्धा वेळ शून्य. ३०० बॉडला एका अक्षराला तेहतीस मिलिसेकंद लागतात आणि कीबोर्डची आवृत्तीही साधारण त्याच वेगाची असते, म्हणून वायर जवळपास सतत हलती राहते. मल्टिमीटरवर ३.३ चे उतरून दीड ते अडीचच्या दरम्यान कुठेतरी नाचताना दिसतात. ज्या वायरीवर हे दिसेल ती पाठवणारी. हेच ११५२०० वर करून बघाल तर काटा हलणार नाही. तिथे एक अक्षर मिलिसेकंदाच्या अकराव्या-बाराव्या भागात संपतं आणि बाकी सगळा वेळ लाइन शांत असते.

या मोजमापात पाठवणारी वायर ३.३ ऐवजी ५ व्होल्ट दाखवत असेल तर तिथेच थांबा. काही सीएच३४० आणि एफटी२३२ च्या मॉड्यूलवर ३.३ आणि ५ निवडायचा छोटा जंपर असतो, तो ३.३ वर हलवा आणि परत मोजा. जंपर हलवूनही पाचच येत असतील तर ते मॉड्यूल या कामाला नको.

आता बोर्डाची चार भोकं. तुम्ही पांढरी-हिरवी अदलाबदल केली, पण ती अदलाबदल कामाला यायची असेल तर उरलेल्या दोन वायरी बरोबर भोकांत असल्या पाहिजेत. भोकांचा क्रमच अंदाजाने धरला असेल तर नुसती दोघांची जागा बदलून काही होत नाही. आणि एक लक्षात ठेवा: टीएक्स-आरएक्स उलटे झाले की स्क्रीन कोरी राहते. चित्रविचित्र अक्षरं येत असतील तर वायर बरोबर भोकात पोचलेली असते, चूक बॉड रेटची किंवा ग्राउंडची असते. कचरा दिसला की वायरी उलटसुलट करत बसू नका.

राउटरची वीज काढा. मल्टिमीटर बीपवर ठेवून एक प्रोब डीसी जॅकच्या बाहेरच्या पत्र्याला किंवा लॅन पोर्टच्या धातूच्या आवरणाला लावा आणि दुसरा एकेका भोकाला. जिथे बीप वाजेल ते ग्राउंड. दोन्ही जागांहून एकच भोक निघालं तर उत्तम. लॅन पोर्टचं आवरण काही बोर्डांवर ग्राउंडपासून कपॅसिटरने तोडलेलं असतं, तेव्हा जॅकवर भरवसा ठेवा.

मग वीज द्या आणि काळा प्रोब त्या ग्राउंडवर धरून बाकीची तीन भोकं मोजा. प्रोब घसरून दोन भोकं एकत्र झाली तर शॉर्ट होतो, म्हणून प्रोब हातात धरण्यापेक्षा बारीक वायर सोल्डर करून बाहेर काढणं बरं. नमुना म्हणून खानापूरच्या बाजूने आलेल्या एका बोर्डाचं सांगतो, तोही असाच फर्मवेअर अर्धवट राहून अडकलेला होता. पहिल्या चौकोनी भोकावर ३.३१ व्होल्ट, वीज दिल्यापासून जराही न हलता. दुसऱ्यावर बीप आलेला, म्हणजे ग्राउंड. तिसऱ्यावर वीज देताच आकडा ३.३ वरून अडीचच्या खाली-वर थरथरला, दोन-चार सेकंद तसं झालं आणि मग ३.३ वर बसला. चौथ्यावर ३.२८, पण स्थिर. तिसरं भोक पाठवणारं हे उघड आहे: बूटलोडर, म्हणजे राउटर सुरू करणारा पहिला प्रोग्राम, आणि कर्नल सुरू होताना मजकूर ओकतात, तेवढा वेळ लाइन वर-खाली होते आणि सरासरी घसरते. थरथर एकदाच दिसते, म्हणून नजर मीटरवर ठेवून कुणाला तरी स्विच दाबायला सांगा.

पहिलं आणि चौथं दोन्ही स्थिर, मग सप्लाय कुठला? पुन्हा तोच १० किलोओहमचा रेझिस्टर, थरथर थांबल्यावर. पहिल्यावर लावला, ३.३१ च राहिले, म्हणजे सप्लाय. चौथ्यावर लावला तर १.६५ च्या जवळ आले, म्हणजे बोर्डावरही साधारण १० किलोचा पुल-अप आणि ते घेणारं भोक. तुमच्या बोर्डावर हे भोक शून्यावर किंवा भलत्याच आकड्यावर लटकलेलंही दिसेल, पुल-अप नसेल तर तसं होतं. चौकोनी भोक म्हणजे सप्लाय हे इथे जुळलं, पण नेहमी जुळेलच असं नाही.

जोडताना चारही, तीनही एकदम नकोत. पहिल्यांदा दोनच: काळी वायर ग्राउंडला आणि केबलची घेणारी वायर बोर्डाच्या पाठवणाऱ्या भोकाला. पाठवणारी वायर हवेत, टेप लावलेली. आता बोर्ड काय बोलतो तेवढं ऐकायचं. या टप्प्यावर उलटं जोडलं जाऊन दोन पाठवणारे एकमेकांविरुद्ध ढकलायचा प्रश्नच येत नाही, कारण आपली पाठवणारी वायर कुठेच जोडलेली नाही. लॅपटॉप बॅटरीवर चालवा. आपल्याकडे जुन्या वाड्यांत अर्थिंग नावापुरतंच असतं, आणि दोन पिनांच्या चार्जरवरच्या लॅपटॉपच्या धातूला हात लावला की झिणझिण्या येतात. ती गळती कन्सोलच्या ग्राउंडमधून जाऊ देऊ नये. ग्राउंडची वायर सगळ्यात आधी जोडायची आणि सगळ्यात शेवटी काढायची.

लिनक्सवर मी हे वापरतो:

```
picocom -b 115200 /dev/ttyUSB0
```

बाहेर पडायला Ctrl-A आणि मग Ctrl-X. विंडोजवर पुटी घ्या, कॉम पोर्टचा नंबर डिव्हाइस मॅनेजरमध्ये बघा, आठ बिट, पॅरिटी नाही, एक स्टॉप बिट, आणि फ्लो कंट्रोल नन. पुटीमध्ये ते आधीपासून XON/XOFF वर असतं, आवर्जून बदला.

त्या खानापूरच्या बोर्डावर ११५२०० ला प्रश्नचिन्हं आणि ठोकळे आले. वायरी जागच्या हलवल्या नाहीत, फक्त वेग ५७६०० केला, आणि बूटलोडरचा मजकूर स्वच्छ वाचता आला. रालिंक आणि नंतरच्या मीडियाटेक चिपच्या बऱ्याच बोर्डांवर ५७६०० असतं. बहुतेक इतर घरगुती राउटर ११५२०० वर बोलतात, म्हणून आधी तेच.

मजकूर वाचता आला की राउटरची वीज काढून तिसरी वायर: केबलची पाठवणारी, बोर्डाच्या घेणाऱ्या भोकाला. तिच्यात मालिकेत ४७० ओहम ते १ किलोओहमचा रेझिस्टर घाला. इतक्या कमी वेगाला त्याने काही फरक पडत नाही, आणि भोक ओळखण्यात गडबड होऊन दोन आउटपुट समोरासमोर आले तरी करंट ४७० ओहमला ७ मिलिअँपिअरच्या आसपासच अडतो. रेझिस्टरशिवायही अशी टक्कर थोडा वेळ बऱ्याचदा सहन होते, कारण शांत असताना दोन्ही ३.३ वर असतात आणि करंट फक्त एखादा खाली खेचताना वाहतो. तरी गिऱ्हाइकाच्या मालावर तो जुगार कशाला?

इथे एक वेगळाच चकवा येतो. मजकूर दिसतो पण टाइप केलेलं काहीच पोचत नाही. साहजिकच सगळे तिसऱ्या वायरीला दोष देतात, सोल्डर परत करतात, भोक बदलतात. आधी टर्मिनलचं फ्लो कंट्रोल बघा. लिनक्सवरच्याच मिनिकॉम या टर्मिनलमध्ये हार्डवेअर फ्लो कंट्रोल बहुधा चालूच असतं, आणि ‘आता पाठव’ सांगणारी सीटीएसची वायर जोडलेली नसल्यामुळे तो परवानगीची वाट बघत बसतो आणि काही पाठवतच नाही. त्या खानापूरच्या बोर्डालाही तिसरी वायर लावल्यावर नेमकं हेच झालं होतं. मिनिकॉममध्ये लूपबॅक केला तर चांगली केबलही मेलेली दिसते, तेही याच कारणाने. Ctrl-A आणि O, मग Serial port setup मध्ये F दाबून ते No करा. तुम्ही लूपबॅकला अक्षरं बघितली आहेत, पण तीही खरी परत आलेली की टर्मिनलनेच दाखवलेली, हे एकदा वायरी सोडवून बघा. जोड सोडल्यावरही अक्षरं दिसत असतील तर लोकल एको चालू आहे आणि ती परीक्षा धरू नका.

फ्लो कंट्रोल ठीक असून टाइप होत नसेल, तर बूटलोडर फक्त सेकंद-दोन सेकंद ऐकतो हे लक्षात घ्या. वीज देण्याआधीपासून बटण दाबत राहावं लागतं. ओपनडब्ल्यूआरटी असलेल्या राउटरवर हे तपासणं सोपं, शेवटी Please press Enter to activate this console असं येतं आणि एंटर दाबून लगेच कळतं. तेव्हाही काही नाही, तर भिंग घेऊन घेणाऱ्या भोकापासून चिपकडे जाणारी रेघ बघा. काही बनवणारे त्या वाटेवरचा बारीक रेझिस्टर बसवतच नाहीत, दोन रिकामे पॅड दिसतात. ते जोडले की टायपिंग सुरू होतं. वीज काढून भोक आणि चिपच्या बाजूचा पॅड यांच्यात बीप घेऊन हे पक्कं करता येतं.

तिसरी वायर लावल्यावर राउटर सुरूच होईना, असंही होतं. राउटर बंद असतानाही त्याचे दिवे मंद पेटलेले दिसले तर समजा की केबलच्या पाठवणाऱ्या वायरीतून घेणाऱ्या पिनमार्गे बोर्डात वीज शिरते आहे. प्रोसेसर अर्धवट जागा असतो आणि नीट रीसेट होत नाही. मालिकेतला १ किलोचा रेझिस्टर इथेही बराच आधार देतो. नाही भागलं तर राउटरला वीज देऊन एक-दोन सेकंदांत ती वायर टेकवायची. काही चिपमध्ये पाठवणाऱ्या पिनवरचं व्होल्टेज बूटच्या पहिल्या क्षणी वाचून कुठून सुरू व्हायचं ते ठरतं, तिथे केबलच्या घेणाऱ्या वायरीचा पुल-अपसुद्धा आडवा येऊ शकतो. मग दोन्ही डेटा वायरी वीज दिल्यावरच जोडायच्या.

तुमच्याकडे केबल ऑफिसात मोठे मॅनेज्ड स्विच किंवा राउटर असतील, ज्यांना लॅनसारखा दिसणारा कन्सोल पोर्ट असतो, त्यांचं गणित पूर्ण वेगळं. तिथे आरएस-२३२ च असतं, वेग बहुधा ९६००, आणि तिथे नऊ पिनांचीच केबल योग्य. सिस्कोच्या पद्धतीच्या पोर्टवर तीन नंबर पाठवतो, सहा घेतो, चार आणि पाच ग्राउंड. म्हणून तीन जायला हवा नऊ पिनांच्या दोन नंबरला, सहा तीनला, चार-पाच पाचला. बीपवर या तीन वाटा तपासा. क्रिम्पिंग हातखंडा असलेली मंडळी सरळ लॅन केबल ठोकून देतात, आणि तिथेही स्क्रीन कोरीच राहते.

तुमच्या बोर्डाची चार वाचनं, वीज देताना कुठलं थरथरलं ते, आणि हिरव्या-पांढऱ्या वायरींची १० किलो लावलेली वाचनं लिहून कळवा. त्यावरून कुठली वायर कुठल्या भोकात ते सांगतो. राउटर चालू झाला की त्या केबलच्या पाठवणाऱ्या वायरीला रंगीत टेप लावून ठेवा, पुढच्या वेळी परत मोजायला नको.